फोटोतल्या आलेखावरून आकडे काढलेत, पण दशांशानंतर किती लिहू?

ओली_शाई

एका जुन्या प्रयोगवहीतल्या एका पानाचा फोटो माझ्याकडे आहे. गरम पाणी निवत जाण्याचा आलेख आहे. आडव्या अक्षावर ० ते ६० मिनिटं, उभ्यावर २० ते ९० अंश सेल्सिअस. आलेख कागदावर पेन्सिलीने आठ टिंबं दिली आहेत आणि ती हाताने काढलेल्या गोलसर रेघेने जोडली आहेत. रीडिंगचा मूळ तक्ता असलेलं पान गहाळ आहे. वही परत गेली, त्यामुळे पुन्हा फोटो काढता येणार नाही.

तोच प्रयोग मी त्याच आकाराच्या भांड्यात करून पाहिला. तुलना करायची म्हणून आलेखातून तक्ता काढला. गिम्पमध्ये कर्सर नेऊन पिक्सेल वाचले आणि त्रैराशिक मांडलं. ० मिनिट ४१२व्या पिक्सेलवर आणि ६० मिनिटं २२१२व्या, म्हणजे मिनिटाला ३० पिक्सेल. उभ्या अक्षावर २० अंश १७३०व्या पिक्सेलवर आणि ९० अंश ३३०व्या, म्हणजे अंशाला २० पिक्सेल. शेवटची तीन टिंबं अशी आली:

३०.६० मिनिटं – ४२.२० अंश
४५.४७ मिनिटं – ३४.७० अंश
६०.०० मिनिटं – ३१.१० अंश

६० मिनिटांना माझं स्वतःचं रीडिंग २९.५ आहे, म्हणजे १.६ अंशांचा फरक. तो खरा धरायचा का? दोन दशांश ठेवू की एक? आणि मला दर मिनिटाचा तक्ता हवा आहे, तो रेघेवरून वाचला तर चालेल ना?

सरळ_मार्गी

इतका खटाटोप कशाला? आलेखावर उजवं क्लिक करून ‘डेटा निवडा’ म्हटलं की मागचा तक्ता उघडतो. मी ऑफिसात रोज करतो.

ओली_शाई

दादा, हा स्प्रेडशीटमधला आलेख नाही, कागदाचा फोटो आहे. त्याच्या मागे तक्ताच नाही.

सरळ_मार्गी

अरे हो, ‘फोटो’ हा शब्द नजरेतून सुटला. माफ करा.

मोजपट्टी

दशांशांकडे मागाहून येऊ. आधी एक गोष्ट तपासा. ३० मिनिटांची उभी छापील रेघ फोटोत कितव्या पिक्सेलवर आहे? तुमच्या त्रैराशिकाप्रमाणे ती ४१२ आणि २२१२ यांच्या बरोबर मध्ये, १३१२वर हवी.

दुसरं, ६० मिनिटांच्या रेघेवर २० अंशांचा आणि ९० अंशांचा कोपरा कुठे आहे तेही वाचा. डाव्या कडेचे कोपरे तुम्ही दिलेच आहेत, उजव्या कडेचे दिले नाहीत.

हे विचारण्याचं कारण असं की तुमची वेळ ३०.६० आणि ४५.४७ आली आहे. वहीत रीडिंग घेणारा माणूस ३० आणि ४५ मिनिटांना घेतो. शिवाय दोन्ही चुका एकाच दिशेला आहेत. हाताच्या थरथरीने झालेली चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे.

ओली_शाई

तुम्ही म्हणता ते खरं निघालं. ३० मिनिटांची रेघ १३३०वर आहे, म्हणजे १८ पिक्सेल उजवीकडे सरकलेली. उजवीकडचा खालचा कोपरा (२२१२, १७००) आणि वरचा (२२१२, ३५६). डावी कड १४०० पिक्सेल उंच आहे आणि उजवी फक्त १३४४.

मोजपट्टी

मग उलगडा झाला. फोटो काढताना पानाची डावी बाजू कॅमेऱ्याजवळ होती आणि उजवी थोडी लांब. जवळचं मोठं दिसतं, म्हणून डावी कड उंच आली. डावीकडची ३० मिनिटं त्याच कारणाने ९१८ पिक्सेल रुंद झाली आणि उजवीकडची ३० मिनिटं ८८२ पिक्सेलमध्ये मावली. हे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. १४०० आणि १३४४ या उंचींवरून हिशेब केला तर मधली रेघ १३३०वरच यायला हवी. म्हणून पान मुख्यतः सपाट आहे आणि दोष तिरपेपणाचा आहे, असं म्हणता येतं.

आता ६० मिनिटांचं टिंब पाहा. ते १५०८व्या पिक्सेलवर असणार, कारण त्यावरूनच तुम्हाला ३१.१० मिळालं. पण तिथे २० अंशांची रेघ १७३०वर नाही, १७००वर आहे. आणि अंशाला २० पिक्सेल नसून १९.२ आहेत. १७०० वजा १५०८ म्हणजे १९२ पिक्सेल, म्हणजे १० अंश. तापमान ३०.० आलं. तुमच्या १.६ मधले १.१ अंश कॅमेऱ्याच्या कोनाचे होते.

बिंदूगामी

यासाठी WebPlotDigitizer वापरा. तो चार खुणा मागतो, X1, X2, Y1, Y2. चार बिंदू दिले की तिरपेपणा आपोआप निघून जातो. मी कितीतरी आलेख असे काढलेत.

मोजपट्टी

बिंदूगामी, साधन चांगलंच आहे, पण त्या चार खुणा म्हणजे चार कोपरे नव्हेत. X1 आणि X2 आडव्या अक्षावर असतात, Y1 आणि Y2 उभ्या अक्षावर. त्यांतून दोन अक्षांची दिशा आणि दोघांची एकेक मोजपट्टी ठरते. स्कॅनरमध्ये कागद वाकडा पडला असेल किंवा आलेख फिरलेला असेल, तर तेवढ्याने काम होतं. उजवी कड डावीपेक्षा लहान आहे, हे मात्र त्या चार खुणांमधून कळायला वाव नाही, कारण समोरचा कोपरा त्यांत येतच नाही. तळाच्या रेघेचा कल ते साधन धरेल, पण उजवीकडेही अंशाला २० पिक्सेलच मानेल, आणि ६० मिनिटांना ३०.० ऐवजी २९.६च्या आसपासचा आकडा जास्त दशांशांसह देईल.

फोटोला चारही कोपरे लागतात. आधी गिम्पमधल्या पर्स्पेक्टिव्ह हत्याराने चौकट सरळ करून घ्या आणि मग वाचा. नाहीतर पिक्सेलवरून थेट मिनिटं आणि अंश काढा:

```python
import numpy as np, cv2
px  = np.float32([[412,1730],[2212,1700],[2212,356],[412,330]])
val = np.float32([[0,20],[60,20],[60,90],[0,90]])
M = cv2.getPerspectiveTransform(px, val)
p = np.float32([[[1776,1436]]])
print(cv2.perspectiveTransform(p, M))
```

शेवटून दुसऱ्या ओळीतला बिंदू तुमचं ४५.४७ / ३४.७० वालं टिंब आहे. उत्तर ४५.० आणि ३४.० येईल.

बिंदूगामी

समोरचा कोपरा त्यात येत नाही हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझे आलेख बहुतेक पीडीएफमधले होते, त्यामुळे बिघडलं नसावं. दोन मात्र फोटो होते. ते पुन्हा काढायला हवेत.

ओली_शाई

कोड चालवला. ४५.० आणि ३४.० हेच आलं! मग उरलेली टिंबंही काढली. आता अचूकतेचं सांगा. प्रत्येक टिंब चारशे टक्के मोठं करून तीन वेळा वाचलं. तीन वाचनांत २-३ पिक्सेलचाच फरक पडतो. अंशाला २० पिक्सेल म्हणजे ±०.१५ अंश लिहिलं तर बरोबर होईल ना?

मोजपट्टी

ते तुमच्या हाताचं झालं. तीनदा वाचल्याने टिंबाचा मध्य तुम्ही किती स्थिरपणे पकडता एवढंच कळतं. कोपरा ३ पिक्सेलने चुकीचा धरला असेल तर तीसदा वाचूनही ती चूक दिसणार नाही, कारण ती प्रत्येक वाचनात सारखीच बसलेली असते. मघाशी १.१ अंशाची चूक होती तेव्हाही तुमची तीन वाचनं आपसात छान जुळलीच असती.

आणखी एक चूक आहे, ती कुठल्याही फोटोने कमी होणार नाही. ज्याने टिंब दिलं त्यालाही ते बरोबर जागी देता आलं असेलच असं नाही. आलेख कागदाचा एक लहान चौकोन किती अंशांचा आहे?

ओली_शाई

उभ्या दिशेला एक मिलिमीटर म्हणजे अर्धा अंश. आडव्या दिशेला दहा मिनिटांना तीन सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला तीन मिलिमीटर. फोटोत एक मिलिमीटर साधारण १० पिक्सेलचा आहे.

मोजपट्टी

पेन्सिलीने टिंब देणारा माणूस अर्ध्या चौकोनापर्यंत चुकू शकतो असं धरू. म्हणजे ५ पिक्सेल, पाव अंश. टिंबाचा मध्य पकडण्यात ३ पिक्सेल आणि कोपरे धरण्यात ३ पिक्सेल, म्हणजे प्रत्येकी ०.१५ अंश. या तीन चुकांचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून त्यांची सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या. ०.३३ येतं. ±०.३ अंश लिहा. वेळेसाठी तोच हिशेब केला तर ±०.२ मिनिट येतं.

यात सगळ्यांत मोठा वाटा पेन्सिलवाल्याचा आहे. दुप्पट पिक्सेलचा फोटो असता तरी तुमची अचूकता फारशी सुधारली नसती. म्हणूनच ३४.७० मधलं ते शेवटचं शून्य पाहून मला त्रास होतो. वाचणारा ते शंभराव्या अंशापर्यंत खरं धरून चालतो, आणि आपण तर तिसऱ्या हिश्श्याच्या अंशापर्यंतही खात्री देऊ शकत नाही. एक दशांश पुरे.

कागदी_नाव

माझा अनुभव जरा वेगळा आहे, विचारून घेते. माझ्या आलेखाचा उभा अक्ष लॉगचा होता, १०, १००, १०००. १० आणि १०० यांच्या बरोबर मध्यावरचा बिंदू मी ५५ लिहिला आणि सगळा तक्ता फसला. तिथे ± कसं लिहायचं?

मोजपट्टी

कागदी_नाव ताई, तो बिंदू ३१.६ होता. आधी पिक्सेलवरून घाताचा आकडा काढायचा, मध्यावर तो १.५ येतो, आणि मग १०चा तेवढा घात घ्यायचा. लॉगवर ± अंशांत किंवा एककांत लिहू नका, टक्क्यांत लिहा. १० ते १०० हे अंतर ३०० पिक्सेलचं असेल आणि वाचन ३ पिक्सेलने चुकत असेल, तर आकडा कुठेही असला तरी सुमारे २.३ टक्क्यांनी चुकेल. १२ असो वा ९००, टक्केवारी तीच राहते.

ओली_शाई

एक नवीन अडचण आली. तुम्ही सांगितलं नव्हतं, तरी मधल्या छापील रेघा कोडमधून वाचून पाहिल्या. ३०, ४०, ५० मिनिटांच्या रेघा चोख येतात. ५ मिनिटांची रेघ मात्र ५.१ येते, १० मिनिटांची १०.२ आणि २० मिनिटांची २०.१. माझं दुसरं टिंब ४.१ आणि तिसरं ९.२ आलं आहे.

मोजपट्टी

हे तपासलंत ते फार चांगलं केलंत, मी सांगायला हवं होतं. डावीकडे वहीची शिवण आहे ना? तिथे पान फुगतं. चार कोपऱ्यांचा हिशेब पान सपाट आहे असं धरून चालतो, त्यामुळे फुगवटा त्याच्या हाती लागत नाही. आधी मी पान मुख्यतः सपाट म्हटलं, ते एका मधल्या रेघेवरून म्हटलं होतं.

डावीकडच्या टिंबांसाठी लांबच्या कोपऱ्यापासून मोजू नका, जवळच्या छापील रेघेपासून मोजा. तिसरं टिंब १० मिनिटांच्या रेघेपासून किती मागे आहे? ९.२ आणि १०.२, म्हणजे एक मिनिट. ते टिंब ९.० मिनिटांचं. तसंच दुसरं ४.१ वजा ०.१, म्हणजे ४.०. उभ्या दिशेलाही त्या भागातल्या ७० आणि ८० अंशांच्या रेघा अशाच पाहून घ्या.

ओली_शाई

पाहिल्या. त्या ०.१ अंशाच्या आत आहेत, म्हणून उभ्या दिशेला हात लावला नाही. हा नवा तक्ता:

| वेळ (मिनिटं) | तापमान (अंश से.) |
|---|---|
| ०.० | ८५.१ |
| ४.० | ७५.७ |
| ९.० | ६६.० |
| १५.० | ५६.९ |
| २२.१ | ४८.६ |
| ३०.० | ४१.९ |
| ४५.० | ३४.० |
| ६०.० | ३०.० |

वेळ ±०.२ मिनिट, तापमान ±०.३ अंश.

बिंदूगामी

छान झालाय. आता एक पाऊल पुढे जाता येईल. वेळा सगळ्या पूर्ण मिनिटांच्या दिसतात, २२.१ला सरळ २२ करा. आणि त्या काळचा थर्मामीटर अर्ध्या अंशाचा असेल, तर तापमानंही जवळच्या अर्ध्या अंशावर आणा. ७५.५, ५७.०, ४८.५. मूळ तक्ताच परत मिळेल.

मोजपट्टी

वेळेबाबत तुमचं पटतं. पायरी एक मिनिटाची आहे आणि आपली चूक ०.२ची. आठही टिंबं पूर्ण मिनिटापासून ०.१च्या आत पडली आहेत, आणि वेळा वाटेल त्या असत्या तर असं सहसा घडलं नसतं. २२ लिहा. फक्त ‘पूर्ण मिनिट धरलं आहे’ असं खाली नमूद करा आणि वाचलेला २२.१ कुठेतरी जपून ठेवा.

तापमानाबाबत पटत नाही. अर्ध्या अंशाच्या पायऱ्या आणि ±०.३ची चूक. आपल्या वाचनाभोवतीचा पट्टा ०.६ अंश रुंद आहे, पायरीपेक्षा मोठा. कुठलाही आकडा घ्या, त्याच्या पट्ट्यात एखादी अर्ध्या अंशाची पायरी सापडेलच. मग सापडली यातून काय सिद्ध झालं? ७५.७ला तर ७५.५ आणि ७६.० दोन्ही बसतात. तुम्ही ७५.५ निवडलंत की तक्ता मुळासारखा दिसू लागतो, पण त्यातला तो आकडा तुम्ही घातलेला असतो.

बिंदूगामी

पण ७५.७ हे तर नक्कीच मूळ रीडिंग नव्हतं ना! अर्ध्या अंशाचा थर्मामीटर ७५.७ दाखवतच नाही. नक्की चूक असलेला आकडा ठेवायचा आणि बहुधा बरोबर असलेला टाळायचा, हे मला अजूनही खटकतं.

मोजपट्टी

अर्ध्या खुणांच्या मधलं वाचणारेही लोक असतात. पण तुमचा मुद्दा अगदीच खोडता येत नाही. दोन रकाने ठेवा, वाचलेलं आणि मानलेलं. पुढचा माणूस हवा तो घेईल. हिशेबाला मी वाचलेलंच घेईन.

ओली_शाई

आणि माझा दर मिनिटाचा तक्ता? रेघेवरून वाचला तर साठ ओळी होतात.

मोजपट्टी

रीडिंग आठच आहेत. ४५ आणि ६० यांच्या मध्ये कोणी थर्मामीटर पाहिलेला नाही, पेन्सिल फिरवली आहे. ५० मिनिटांना तुम्ही ३२.३ वाचलंत तर ते त्या हाताचं वळण वाचलंत. एखाददुसरा हवाच असेल तर वेगळ्या रकान्यात ‘रेघेवरून’ असं लिहून द्या. साठ ओळी दिल्यात तर कोणीतरी त्यांना साठ मोजमापं समजून सरासरी काढेल आणि चूक फार लहान झाली असं मानेल.

रेघेवरून वाचताना आणखी एक होतं. सुरुवातीला रेघ मिनिटाला दोन अंशांहून जास्त उतरते. तिथे वेळेतली ०.२ची चूक तापमानात ०.४ होऊन येते, आणि ±०.३चं ±०.५ होतं. ५० मिनिटांपाशी उतार मिनिटाला सुमारे ०.३चा आहे, तिथे वेळेच्या चुकीने फारसं बिघडत नाही. म्हणून रेघेवरच्या वाचनांना सगळीकडे एकच ± लावू नका.

कागदी_नाव

हे उताराचं मला माझ्या आलेखात आत्ता दिसलं. जिथे रेघ जवळजवळ उभी आहे तिथेच मी सगळ्यांत जास्त आकडे काढलेत.

ओली_शाई

आता मूळ प्रश्न. ६० मिनिटांना त्यांचं ३०.० ±०.३ आणि माझं २९.५. माझा थर्मामीटर ±०.५चा आहे. म्हणजे फरक आहे असं म्हणता येत नाही, हे समजलं. पण सुरुवातीला मी त्यांच्यापेक्षा वर आहे. ४ मिनिटांना माझं ७७.१, म्हणजे १.४ने जास्त. ९ मिनिटांना १.२ने जास्त, २२ला ०.७ने. हे तर ±मध्ये मावत नाही.

मोजपट्टी

हा फरक खरा दिसतो, वाचनातला नाही. घड्याळ कधी सुरू केलंत? तिथला उतार मिनिटाला २.१ अंश आहे, म्हणजे १.४ अंश हे साधारण चाळीस सेकंद झाले. २२ मिनिटांपाशी उतार मिनिटाला एक अंशाच्या आसपास, तिथे चाळीस सेकंदांचे ०.७ होतात. तुमचे आकडे त्याच्याशी जुळतात.

ओली_शाई

पाणी ओतलं, झाकण लावलं आणि मग घड्याळ चालू केलं. पहिलं रीडिंग दुसऱ्या मिनिटाला घेतलं, शून्याचं नाही माझ्याकडे. पाणीच त्यांच्यापेक्षा दीडेक अंशाने जास्त गरम असेल, असं नाही का होणार?

मोजपट्टी

होऊ शकतं, आणि ते या आकड्यांवरून वेगळं करता येणार नाही. भोवतालच्या तापमानाहून पाणी जितकं वर, तितक्या प्रमाणात ते निवतं. त्यामुळे घड्याळ चाळीस सेकंद पुढेमागे असणं आणि सुरुवातच दीड अंशाने वर असणं, दोन्हींनी आलेखावर हुबेहूब एकच रेघ उमटते. त्यांचं शून्य मिनिट नेमकं कधीचं, ओततानाचं की झाकणानंतरचं, हे वहीत दुसऱ्या कुठल्या पानावर लिहिलंय का?

ओली_शाई

माझ्याकडे फक्त त्या एका पानाचा फोटो आहे. समासात पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं दिसतंय, पण कड कापली गेलीय. वही ज्यांच्याकडे आहे त्यांना आज विचारते. शून्याचं रीडिंग घेऊन माझा प्रयोगही उद्या पुन्हा करते.